यादीतून कमी

पर्थमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, तेव्हा तेजसला तिथल्या नगरपालिकेने प्रमाणपत्र दिलं आणि सोबत एक रोप. मग ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट आला, भारताचा रद्द करून घेतला, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्डही मिळालं. राहिलं फक्त गावच्या, सारसोळ्याच्या मतदार यादीतलं नाव. ते काढायला तो सुट्टीत घरी आला आणि अर्जात ‘भारतीय नागरिक नाही’ या कारणावर खूण केली. आता गाव आपल्याला परका समजणार, ही धास्ती मनात होतीच.

नाव काढायच्या अर्जांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. कारणाचा रकाना कोण वाचतो? गावात आजवर मेलेल्यांचीच नावं निघायची.

संध्याकाळी शेजारचे गंगारामकाका डोळे पुसत आले. दार तेजसनेच उघडलं.

“गुनी पोर होता रं आपला तेजस!” त्याला पाहुणा समजून काका गळ्यात पडले. मग निरखून बघत म्हणाले, “आयला, तू तर जिता हाय!”

“हो काका. फक्त मतदान करता येणार नाही.”

“येवढंच? मंग आपला कसा नाय तू?”

मागोमाग अकरा जण आले, दोघे हार घेऊन. हार वाया जाऊ नयेत म्हणून ते तेजसलाच घातले. आईने चहा टाकला. आभार कसे मानावेत ते तेजसला सुचेना, म्हणून हारांसकट मोरीपाशी बसून त्याने सगळ्यांचे कप विसळले.