सन १३४०

गंगासागरबाईंनी हो म्हटलं होतं, पण ते तोंडानं. लेक दूरदेशी संसार मांडणार, त्याच्या देव्हाऱ्यात घराण्याचा देव असावा, या मागण्याला कोणती आई न्हाई म्हणेल? राजेश्वर नेदरलँड्सला कायमचा निघाला होता आणि त्याला वीरभद्राचा मुखवटा सोबत हवा होता. हातभर उंच, पितळी, पिळदार मिशांचा. चाळीस वर्षं त्या रोज पहाटे अंघोळ करून, गळ्यातल्या लिंगाची पूजा उरकून, मग मुखवट्याला चिंचेच्या पाण्यानं पुसत, भस्माचे पट्टे ओढत, आणि ते झाल्याशिवाय चहाचा घोट घेत नसत. आता तो जाणार म्हटल्यावर पुसणं लवकर उरकायचंच नाही. बोलायचं कुणाजवळ?

नेकनूरच्या पेठेत त्यांच्या कापडदुकानाइतकाच मुखवटाही प्रसिद्ध होता. किनारीवर आकडे कोरलेले होते, 'सन १३४०'. एका यात्रेत कुण्या शास्त्र्यानं ते वाचून 'सातशे वर्षांचा देव' असं जाहीर केलं, आणि तेव्हापासून लोक दुरून नवस बोलायला येऊ लागले.

राजेश्वरचा मित्र सुग्रीव म्हणाला, "एवढा विचार कावून करतो बे? साडीत गुंडाळ, पितळी भांडं म्हणून ट्रंकेत टाक. कोण बघतंय?"

"विमानतळावर एक्स-रे बघतंय," राजेश्वर म्हणाला. त्यानं चौकशी केली होती. शंभर वर्षांच्या वरची मूर्ती, मुखवटा, असलं काही देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला मुभाच नाही. धरलं तर वस्तू जप्त, आणि सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत तुरुंग. नव्या वस्तूलाही, ती जुनी दिसत असली तर, 'ही पुरावस्तू नाही' असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. तपासणाऱ्याला वस्तू बघून वय कळत नाही, म्हणून ते कागद मागतात.

"मंग आपला देव तर सातशे वर्षांचा," सुग्रीव म्हणाला. "दाखला कसा देतील?"

"विचारून तर बघू. नाही म्हटले तर देव इथंच राहील. अधिकाऱ्यानं सांगितलं म्हणजे मनाला रुखरुख नाही."

गंगासागरबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. देव इथंच राहील, हे शब्द त्यांच्या कानात रुतून बसले.

अर्ज झाला. मुखवट्याच्या फोटोंच्या तीन-तीन प्रती काढल्या. वय लिहायच्या रकान्यात राजेश्वरनं जे लहानपणापासून ऐकलं होतं तेच लिहिलं: अंदाजे सातशे वर्षं. ठरल्या दिवशी मायलेक खात्याच्या मुंबईच्या कार्यालयात गेले. मुखवटा आईच्या मांडीवर, शालीत.

खोलीत तिघं तज्ज्ञ बसले होते. मधल्या बाई, पांढरे केस आणि जाड चष्मा, अर्ज वाचून हसल्या.

"सातशे वर्षं लिहिलंत आणि बाहेर न्यायची परवानगी मागताय? हे खरं असेल तर आमच्या हातात काहीच नाही. उलट धातूची शंभर वर्षांची मूर्ती घरात असली तर तिची नोंद करावी लागते. केली आहे का?"

"न... नाही मॅडम. आम्हाला माहीत नव्हतं."

"बहुतेकांना नसतं. बघू द्या."

त्यांनी हातमोजे घालून मुखवटा उलटा केला. आतून भिंग फिरवलं, किनार चिमटीत धरून जागोजागी जाडी पाहिली. शेजारच्या गृहस्थांना दाखवलं. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले.

"गंमत आहे," बाई म्हणाल्या. "पत्रा सगळीकडे एकसारखा आहे. कारखान्यात लाटलेला दिसतो. काम शे-सव्वाशे वर्षांतलं वाटतं. पण हा आकडा... इसवी सन धरला तर चौदावं शतक, शक धरला तर पंधरावं. दोन्ही या पत्र्याशी जुळत नाही. कुणी मागाहून कोरला असेल तर का? आणि शंभराच्या आतला की बाहेरचा, हेही नुसत्या पत्र्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. शंका असेल तर आम्ही दाखला देत नाही. घरात काही ठाऊक आहे का कुणाला?"

राजेश्वरनं नकारार्थी मान हलवली. "आजोबा असते तर..."

गंगासागरबाईंच्या ओठांवर शब्द आले आणि त्या गप्प राहिल्या.

त्यांना ठाऊक होतं. त्यांचे सासरे शिवलिंगप्पा त्यांना एकदा सांगून गेले होते. शास्त्र्याची गोष्ट गावभर झाली तेव्हा म्हाताऱ्यांनी मिशीत हसून म्हटलं होतं, 'अगं, निजामाचं राज्य होतं. आमच्या सगळ्या कागदांवर फसली सनच असायचा. वडिलांनी दुकान मांडलं त्या साली कासाराकडून घडवून घेतला, मी पाटी घेऊन शाळंत जायचो. पण लोक म्हणतात तर म्हणू दे. देवाला वय चढवलं म्हणून काय बिघडतं?'

बिघडलं काहीच नव्हतं. आताही बिघडणार नव्हतं. त्यांना एक शब्द खोटा बोलायचा नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं. बाई न्हाई म्हणाल्या असत्या, लेकानं निमूट मान्य केलं असतं, आणि उद्या पहाटे मुखवटा त्यांच्या पाटावर असता.

त्यांनी डोळे मिटले. रोज ज्याच्यापुढं बसून आपण म्हणतो, 'मनात एक अन् ओठांत एक नको ठेवू देऊस', तो आत्ता उताणा पडून छताकडं बघत होता.

"फसली हाय ते," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू की बाईंनी पुढं वाकून विचारलं, काय?

"फसली सन. निजामाच्या राजवटीत आमच्याकडं कागदावर तेच लिहायचे. आमच्या सासऱ्याच्या वडलांनी घडवून घेतलता. सासरे तवा शाळंत जायचे."

बाईंनी कागदावर बेरीज केली. तेराशे चाळीस, अधिक पाचशे नव्वद. "एकोणीसशे तीस-एकतीस." त्यांनी पुन्हा पत्र्याकडे पाहिलं आणि खुर्चीला टेकल्या. "आता जुळतं. फसली आमच्या लक्षात यायला हवं होतं."

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अजून चार-पाच वर्षं थांबला असतात, तर शंभरी भरली असती. मग हा कुठेच गेला नसता."

राजेश्वर आईकडं बघत राहिला. "तुला माहीत होतं? आणि मी सातशे लिहिलं तवा..."

"तू विचारलं न्हाईस," त्या म्हणाल्या, आणि लगेच मान खाली घातली. "न्हाई, तसं न्हाई. मला तो जाऊ द्यायचा नव्हता."

त्यानं शालीची घडी नीट केली.

पुढं दाखला आला, फोटोवर खात्याचा शिक्का मारलेला. महिन्यानं राजेश्वर गेला. विमानतळावरून त्याचा फोन आला: तपासणाऱ्यानं मुखवटा काढायला लावला, फोटोशी ताडून पाहिला, शिक्का बघितला, जा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाटावर नुसता गोल डाग होता. गंगासागरबाईंनी लिंगपूजा केली आणि हात थांबले. चिंचेचं पाणी करायची सवय होती. ते तुळशीत ओतलं.

दुपारी शेजारची मंगल दारात आली. हात कमरेवर.

"काकू, सातशे वर्षांचा देव परदेशी कसा काय पाठवला? सरकारनं सोडला?"

"सातशे न्हाई, मंगल. पंच्याण्णव."

मंगल उंबऱ्यावरच बसली. "पंच्याण्णव? म्हंजे माझ्या आज्यासासऱ्याएवढा? अन् आमी आजवर त्याला नवस बोलतोय?"

"बोललीस ते फळलं का न्हाई?"

मंगलनं विचार केला. "फळलं की. दोन्हीही पोरं त्यानंच दिली."

"मंग बस. चहा टाकते."