कुंड्यांखालची ठिगळं

सही दुपारी दोनला होती आणि सकाळी नऊपासूनच केदार-आश्लेषाचं गाडीत भांडण जुंपलं होतं: नव्या घरात नारळ सहीच्या आधी फोडायचा की सही झाल्यावर? पायाखालची जमीन कशी आहे ते एकानेही विचारलं नव्हतं. आमच्या प्लेनोच्या अपार्टमेंटात शिकलेल्यांची ही तऱ्हाच आहे. मी त्यांची शेजारीण. देशातून आलेल्या केदारच्या लतामावशींना सोबत म्हणून मागच्या सीटवर बसले होते.

सहीच्या आधी रिकाम्या घरातून शेवटची फेरी मारायची इथे पद्धत आहे. जुना मालक सामान घेऊन गेलेला असतो. नळ, एसी, शेगडी चालू करून बघायची, ठरलेली दुरुस्ती झाली का बघायचं आणि मग ‘घर आहे तसं पसंत’ म्हणून कागदावर सही करायची. त्याआधी, करार झाला की दहा दिवस मिळतात. त्यात पाया तपासायला इंजिनिअर आणावा, नाही पटलं तर कारण न देता घर सोडावं. या शहाण्यांनी ते दहा दिवस न्यू जर्सीहून वास्तुतज्ज्ञ आणण्यात घालवले. कंपास लावून त्याने पूर्व दाखवली आणि हे दोघं धन्य झाले. साधा तपासनीस येऊन गेला होता, पण तो कुणाच्या कुंड्या हलवत नाही. तसं त्याने रिपोर्टात लिहिलंही होतं. वाचतो कोण!

ऑगस्टचं ऊन, पावसाचा थेंब नाही. अंगणात हात जाईल एवढ्या भेगा. मावशी खाली बसल्या आणि ढेकूळ उचलून चोळलं.

"आगं बया! ही तर आमच्या मंगळवेढ्याची काळी माती. पावसात फुगती, उन्हात आकसती. हिच्यावर घर म्हंजी माजल्या रेड्यावर अंबारी."

"मावशी, इट्स अ ग्रेट हाउस," केदारचा एजंट अमित म्हणाला. मराठी मंडळात नाटकं बसवणारा हा माणूस, घरंही तशीच विकायचा. "ईस्ट फेसिंग आहे, यार! रोज मिळतं का?"

आश्लेषाने सगळे नळ सोडले, केदारने एसी लावला. सगळं झकास. अमितने कागद पुढे केला. तेवढ्यात मागच्या अंगणातून मावशींची हाक आली.

"आरं केदारा, हितं ये. ही ठिगळं कसली?"

भिंतीलगतच्या सिमेंटवर आधी सहा मोठ्या कुंड्या होत्या. मालक त्या घेऊन गेला होता. प्रत्येक कुंडीच्या जागी परातीएवढं गोल, जरा उजळ सिमेंट. दर तीन पावलांवर एक, एका रांगेत.

"कुंड्यांचे डाग आहेत," अमित म्हणाला.

"डाग आसता तर घासून गेला आसता. ह्ये गोल कापून परत भरलंय. आन् त्येच्यावरच बरोबर कुंडी?"

आश्लेषाचा चेहरा उतरला. "केदार, हे पिअर्सचं आहे. माझ्या मॅनेजरच्या घराला असंच केलं होतं. घर खचलं की सिमेंट फोडून पायाखाली खांब घालतात, जॅकने घर उचलतात आणि भोक बुजवतात."

केदारने मालकाने भरून दिलेला फॉर्म काढला. पायाची पूर्वी दुरुस्ती झाली आहे का? खूण होती ‘नाही’वर.

"त्याला माहीत नसेल," अमित म्हणाला.

आश्लेषाने शहराच्या परवाना कचेरीत फोन लावला. पाच मिनिटांत उत्तर मिळालं. दोन वर्षांपूर्वी सहा खांबांची परवानगी, याच मालकाच्या नावावर.

"ओके, पण आत्ता साइन करा, मग बघू," अमित घाईला आला. "नाहीतर डिपॉझिट जाईल. आणि मुहूर्त तुमचाच आहे ना?"

"बैलाचं दात आदी बघत्यात, दावं मग धरत्यात," मावशी म्हणाल्या. "सही क्येल्यावर कोण इचारतंय तुला?"

तीन वर्षं अशा घराचं स्वप्न बघितलं होतं केदारने. पेनाला टोपण लावून तो म्हणाला, "मालकाने खोटं लिहून दिलंय. परवान्याची कॉपी पाठव त्याच्या एजंटला. मी कॅन्सल करतोय."

बारा दिवसांनी डिपॉझिट परत आलं. मालकाने कुरकुर केली, पण खोट्या फॉर्मवर त्याचीच सही होती.

ऑक्टोबरात तेच घर अमितने उत्तरेकडच्या शॉमबर्गहून बदलून आलेल्या, केदारच्या ओळखीतल्या संजयला विकलं. या खेपेला फॉर्मवर खूण ‘होय’वर होती. केदारने संजयला फोन करून सांगितलंही. "अरे यार, तुझं हुकलं म्हणून जळतोस," संजय हसला. "पूर्वाभिमुख आहे!"

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. मागच्या अंगणात, नेमक्या त्यातल्याच एका गोल ठिगळावर, नवीकोरी तुळस ठेवली होती. मावशींनी हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले.

"तुळसामाये," त्या म्हणाल्या, "तू तरी घट धरून ऱ्हा बाई. ह्येनी पूर्व बघितली, खाली कुणीच बघितलं न्हाई."