आठवडाभर चढणारी नाडी

मला खोटं बोललेलं खपत नाही. माणूस पडू दे, चुकू दे, पण माझ्या तोंडावर थाप मारली की माझं डोकं सटकतं. आमच्या थोरल्या भावाने गालात तंबाखूचा बार धरून आईची शपथ घेतली होती, “सोडली गं मी कधीच.” त्याचा जबडा काढला तेव्हा मीच त्याच्या उशाशी होते. त्यामुळे कारखान्याच्या दवाखान्यात मला सगळे ‘जमदग्नी सिस्टर’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

क्रेनकाकांवरही मी अशीच भडकले. ते मोठ्या शेडमधली वरची क्रेन चालवायचे, सव्वीस वर्षं. एवढ्या वर्षांत केबिनच्या शिडीवर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पाय टिकला नाही, असं सगळे सांगायचे. तंबाखू मळून गालात ठेवायची आणि तास-तास तिथेच. एक दिवस वर केबिनमध्ये छातीत धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. बरं तर बरं, हुकाला काही टांगलेलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी त्यांना खाली उतरवलं आणि सांगितलं, “तंबाखू पूर्ण बंद. सहा आठवडे रोज सकाळी नाडी. ती उतरून स्थिर राहिली तरच पुन्हा वर. नाहीतर कायमचं स्टोअरमध्ये.”

काका स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट मोजू लागले. मान मात्र सारखी वर, दुसरं कोणी त्यांची क्रेन कशी चालवतंय ते बघत.

रोज आठ वाजता ते यायचे. पाच मिनिटं गप्प बसायचं, आधी चहा नाही, तंबाखूऐवजी दिलेला निकोटिनचा गमही अर्धा तास नाही, मग मी मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोजायची. पहिल्या दिवशी, गालात बार असताना, अठ्ठ्याण्णव. तंबाखू तोंडात असेपर्यंत नाडी वरच राहते. गमचं तसं नसतं. दोन-चारदा चावून गालात ठेवला की नाडी थोडी चढते आणि तासाभरात उतरते. निकोटिनची पट्टी तर दिवसभर हळूहळू पाझरते, त्यामुळे आकडा थोडासाच वर, पण सपाट. पहिले दोन आठवडे मीच त्यांच्या दंडावर पट्टी लावली, जुनी काढून. आकडा घसरत अठ्ठ्याहत्तरवर आला. काका लहान मुलासारखे खूश.

मग दंडाला खाज सुटली, चट्टे उठले. मी म्हटलं, “आता पाठीवर लावा. काकूंना सांगा. जुनी काढायची, नवी लावायची, रोज जागा बदलायची.”

“ती लावेल की,” काका म्हणाले. “तिला तेवढंच कारण मला जागेवर बसवायला.”

आणि तिथून माझी वही बिघडली. सोमवारी अठ्ठ्याहत्तर, बुधवारी चौऱ्याऐंशी, शनिवारी ब्याण्णव. पुढच्या सोमवारी पुन्हा अठ्ठ्याहत्तर, आणि पुन्हा चढण. मला वाटलं, हे तर उघड आहे. रविवारी घरी काकूंचा पहारा, आठवडाभर इथे मित्रांची चिमूट. लघवी तपासून उपयोग नव्हता, पट्टीचं निकोटिनही त्यात दिसतंच. म्हणजे त्यांचा शब्द आणि माझी वही, एवढंच.

सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी मी फाडकन विचारलं, “काका, किती वेळा चालू आहे?”

“काय?”

“नाटक नका करू. तंबाखू!”

त्यांनी तोंड उघडून दाखवलं. साफ. मग नुसतं म्हणाले, “सोडली, सिस्टर. तुम्हाला कसं पटवू ते मात्र मला कळत नाही.” आवाज चढला नाही, शपथ घेतली नाही. मी तरी बोललेच, “असं सगळेच म्हणतात.” ते उठले आणि दार हळू लावून गेले. जेवणाच्या सुट्टीत मी वही उघडून बसले.

शनिवारी तीन वाजता डॉक्टरसाहेब निकाल देणार होते. मी सकाळी शेरा लिहून ठेवला, ‘तंबाखू सुरू असण्याची शक्यता’. काका आले ते घामेजलेले. नाडी चौऱ्याण्णव. म्हणाले, “दोन दिवस मळमळतंय. झोप नाही, स्वप्नंही कसलीतरी अचाट पडतात.”

आता मात्र मी चरकले. ही तंबाखू चोरून खाणाऱ्याची तक्रार नव्हे, निकोटिन जास्त झाल्याची आहे. मी शर्ट वर करायला सांगितलं आणि स्टेथोस्कोप पाठीवर ठेवला. तो ठेवताना बोटाला एक कडा लागली. मग दुसरी. खिडकीकडे वळवून बघितलं तर पारदर्शक पट्ट्या, कातडीच्या रंगात मिसळून गेलेल्या. एक, दोन, तीन… अख्ख्या सात!

“अहो काका! जुन्या काढत नाही का तुम्ही?”

“माझा हात कुठे पोचतो? ती काढते. रोज विचारतो मी, काढलीस का? हो म्हणते.”

मी एकेक पट्टी सोलून काढली. “आणि रविवारी काय करता?”

“रविवारी ती गरम पाण्याने पाठ घासून देते. खरखरीत पंच्याने, साबण लावून. सालटं निघतील इतकी.”

झालं! रविवारी सगळ्या घासून निघायच्या आणि पुन्हा एकेक वाढत जायची. माझ्या वहीतली चढण मला आता नीट दिसली. मी काकांना खोटारडं ठरवलं होतं. मला इतकी लाज वाटली की पट्ट्या दुमडून टाकताना मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. “काका, चुकले मी. माफ करा,” म्हटलं.

ते ऐकतच नव्हते. ते हळूच म्हणाले, “म्हणजे तिला दिसत नाही.”

मी त्यांच्याकडे वळले.

“परवा भाजीत दोनदा मीठ पडलं. सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलावते. मी म्हणायचो, तुझं लक्ष नाही. हात फिरवून बघत असेल बिचारी, आणि सापडली नाही की पडली असेल म्हणून हो म्हणत असेल. मला सांगायची भीती वाटली तिला.” त्यांचे डोळे भरून आले. “मी एवढा रागीट आहे का हो?”

“नाही हो,” मी म्हटलं.

शेरा खोडून मी खरं काय ते लिहिलं, डॉक्टरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, आज नवी पट्टी नको, उद्यापासून एकच लावा, मांडीवर, त्यांना स्वतःला दिसेल अशी. आणि नव्याने दोन आठवडे नाडी बघू. “काका, क्रेन गेली नाही,” मी सांगितलं. “दोन आठवडे थांबायचंय फक्त.”

“थांबतो,” ते शर्टाची बटणं लावत म्हणाले. “सिस्टर, सोमवारी अर्धा दिवस रजेचा कागद द्याल? डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय.”

“पण काकू येतील का? सांगणार काय त्यांना?”

“सांगेन, माझेच डोळे तपासायचेत, क्रेनसाठी. मला एकट्याला भीती वाटते, चल सोबत.”

मी कागद घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘स्वतःच्या डोळ्यांची तपासणी’. खाली सही केली, शिक्काही मारला.