मोजणाऱ्याची वेळ

कारखान्यात तिला सगळे वहिनीच म्हणत. हिशेबनीस म्हणे, जोडारी म्हणे, पार्सल न्यायला येणारा माणूसही म्हणे. नवरा मालक, धाकटा दीर इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि प्रोग्राम लिहिणारी ती. अंडी उबवायच्या यंत्रांचे कंट्रोलर ते बनवत. घरात जेवण एकत्र, कारखान्यात काम एकत्र. मग संशयही एकत्रच राहायचा.

पाल चुकचुकली ती भावजींच्या फोनवरून. फोन आला की हे गृहस्थ उठून मागच्या जिन्यात जायचे. एकदा वहिनी चहाचा कप घेऊन अचानक पाठीशी उभी राहिली, तर त्यांनी झटकन लॅपटॉप मिटला. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिने त्याच क्षणी ठरवून टाकलं. हा माणूस आपला प्रोग्राम दुसऱ्या कुणाला तरी विकतोय, नाहीतर त्यात गुपचूप काहीतरी घालतोय. एकदा ठरवलं की वहिनी पुराव्यासाठी थांबत नसे, पुरावा मागून गोळा करी.

तिने पुरावा गोळा करायची सोय प्रोग्राममध्येच केली.

यंत्रातली चिप लहान, ऑपरेटिंग सिस्टीम वगैरे थाट तिथे नव्हता. कामांच्या पाळ्या लावायची व्यवस्था वहिनीने स्वतः उभी केली होती. चिपमधला टायमर दर मिलिसेकंदाला एक टिचकी मारी आणि त्या टिचकीसरशी एक आकडा एकाने वाढे. बाकी सगळं एका न संपणाऱ्या फेऱ्यात. फेरा प्रत्येक कामाशी जाऊन विचारी, मागच्या वेळेपासून तुझा ठरलेला अवधी उलटला का? उलटला असेल तर कर तुझं काम आणि चटकन बाजूला हो. तापमान सेकंदाला एकदा वाचायचं, पडदा त्याहून वारंवार ताजा करायचा, आणि अंड्यांचा ट्रे कलत असताना तो टोकाला पोचला का, ते दर दहा मिलिसेकंदांनी बघून मोटर थांबवायची. कुणी अडून बसलं तर त्याला ओढून काढणारा इथे कुणी नाही. आकडा वाढत राहतो, पण बाकीची कामं ताटकळतात. म्हणून कुणीही वाट बघत उभं राहायचं नाही, हा वहिनीचाच कायदा. भावजींना तो तिने दहादा ऐकवला होता.

आता तिने एक काम वाढवलं. त्याला नाव दिलं 'सफाई', म्हणजे कुणी ढुंकून बघू नये. ते दर दोन सेकंदांनी अहवाल पाठवी: प्रत्येक काम किती वेळा चाललं, जास्तीत जास्त किती वेळ चाललं, आणि ते कुणी लिहिलंय. भावजींच्या कामांपुढे 'धा', म्हणजे धाकटे, तिच्यापुढे 'व'. कुणी मागच्या दाराने काही घातलं तर वेळ वाढलेली दिसणारच. अहवाल जुन्या संथ तारेवरून तिच्या कॉम्प्युटरवर येई, आणि ती डोळ्यात तेल घालून वाचत बसे.

हाच प्रोग्राम घालून गेलेलं यंत्र आठवडाभरात अंडीवाल्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या मोठ्या गिऱ्हाईकाने, परत पाठवलं. ट्रे कलताना मधूनच टोक ओलांडतो, चौकटीवर आदळतो, अंड्यांना तडे जातात. "आठ दिवसांत नीट झालं नाही तर सगळीच यंत्रं उचलून न्या," असा त्यांचा निरोप होता.

वहिनीला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिला आधी बरंच वाटलं. नजर ठेवली नि लगेच सापडला! ट्रेचं काम भावजींनीच लिहिलेलं.

पण अहवालात 'धा' अगदी साव. त्यांचं काम मिलिसेकंदभरसुद्धा घेत नव्हतं. कुणाचंच काम फार वेळ घेत नव्हतं, आणि तरी टेबलावर लावलेल्या त्या यंत्राचा ट्रे पाच-सात खेपांत एकदा धाडकन आदळायचा. इतकं स्वच्छ कसं काय? वहिनीच्या मते अती स्वच्छता हीच चोरीची खूण होती.

सकाळी तिने नवऱ्यासमोरच विषय काढला.

"अहो, भावजींना या कामातून काढा. मी एकटी बघते."

"अगं, पण त्याने केलं काय?"

"ते त्यांनाच विचारा. जिन्यात जाऊन कुणाशी बोलतात, तेही विचारा."

नवरा जमिनीकडे बघायला लागला. भावजी सोल्डरिंगची तार गुंडाळत होते, ती गुंडाळतच राहिले. "बरं वहिनी," एवढंच म्हणाले, आणि आपल्या टेबलाकडे गेले. बचाव नाही, चिडणं नाही. तिला तर खात्रीच पटली.

जेवणानंतर ती चाचणीला बसली. प्रोग्रामची सामाईक प्रत ताजी घेतली, चिपमध्ये भरली, ट्रे सुरू केला. ट्रे टोकाला गेला, थांबला. परत आला, थांबला. पंचवीस खेपा झाल्या, पण तो आदळला नाही.

आपोआप बरा होणारा आजार वहिनीने कधी पाहिला नव्हता. तिने बदलांचा इतिहास उघडला. बदल दुपारचाच, भावजींचा, आणि ट्रेच्या कामात नव्हता. 'सफाई'मध्ये होता.

तिने आपलाच जुना मजकूर वाचला आणि कान गरम झाले. अहवाल पाठवताना एक अक्षर तारेवर टाकायचं, ते जाईपर्यंत थांबायचं, मग पुढचं. चारशे अक्षरं, जवळजवळ अर्धा सेकंद चिप तिथेच उभी. तेवढ्यात ट्रे टोकाला पोचला, तर बघायला कोण होतं? काखेत कळसा नि गावाला वळसा. सगळ्यांची वेळ तिने मोजली होती, फक्त मोजणाऱ्याची मोजली नव्हती.

भावजींनी वाट बघणं काढून टाकलं होतं. आता अहवाल रांगेत ठेवला जाई आणि पाळी आली की, तार मोकळी असली तर, एकच अक्षर जाई. अहवालात एक ओळही वाढली होती: 'सफाई', आणि तिचा वेळ. 'धा' होते तिथेच होते. आपल्यावरची नजर त्यांनी पुसली नव्हती, दुरुस्त केली होती.

ती त्यांच्या टेबलाशी गेली.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"काम घातलंत त्याच दिवशी. पण ते अडवतंय, हे आज कळलं. तारेचा आणि ट्रेच्या स्विचचा सिग्नल स्कोपच्या पडद्यावर एकत्र बघितला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझ्यावर नजर का ठेवताय, असं विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, चोराच्या मनात चांदणं."

ती असंच म्हणाली असती.

"आणि जिन्यातले फोन?"

"अंडीवाल्या बाईंचे. दादा त्यांच्याशी भांडला होता, ऑर्डर जायला आली होती. मी समजूत काढत होतो. तुम्हाला कळू देऊ नको, असं दादानेच बजावलं होतं." त्यांनी स्कोपची वायर काढून ठेवली. "लॅपटॉप मिटला तेव्हाही त्यांचंच पत्र उघडं होतं. आता मात्र खरंच दुसरीकडे काम धरलंय. पहिल्या तारखेपासून. ते सफाईचं काम काढू नका, चांगलं लिहिलंय तुम्ही. पुढच्या माणसावर उपयोगी पडेल."

टोमणा असता तर तिने परतवला असता. टोमणा नव्हता.

तेवढ्यात नवरा आत आला. "थांबलं म्हणे आदळणं? कुणाची चूक होती?"

"वायर ढिली होती, दादा," भावजी मान वर न करता म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा सुटला. सगळ्यांची सोय झाली होती. वहिनीने फक्त गप्प राहायचं होतं.

"वायर नव्हती," ती म्हणाली. "मी होते."

नवरा दोघांकडे बघत राहिला. भावजींनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि आपल्या टेबलाचा खण रिकामा करायला घेतला.