लॅमिनेशन केलेला दाखला

मी कन्नड शहरात सेतू केंद्र चालवतो. लोकांची एक सवय मला पाठ झाली आहे. दाखला हातात पडला की लॅमिनेशन करायचं आणि पेटीत ठेवून द्यायचा, मग तो जन्मभराचा झाला असं समजायचं. जातीच्या दाखल्याचं ते खरं आहे. नॉन-क्रिमी लेयरचं नाही.

दोन हजार चोवीसच्या जुलैत सुदर्शनभाऊ मुलीला, दीपमालाला, घेऊन आले. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात ओबीसीतून जागा मिळेल एवढे मार्क पोरीने मिळवले होते. भाऊंनी काउंटरवर चकचकीत दाखला ठेवला. तो अकरावीच्या वेळचा होता आणि त्याची मुदत गेल्या वर्षीच्या एकतीस मार्चला संपली होती.

नवा अर्ज करायचा ठरलं. पोचपावतीवर प्रवेशाचा फॉर्म भरता येतो, पण मूळ दाखला ठरलेल्या तारखेच्या आत द्यावा लागतो. भाऊंनी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणला, तोही एकाच वर्षाचा, दुष्काळाच्या. मी म्हटलं, सलग तीन वर्षांचा लागतो. ते कचरले. त्यांनी संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात चार खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या, आणि आधीची दोन वर्षं पिकंही बरी होती. मर्यादा आठ लाखांची, शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, भाडं धरतात आणि ते दीड लाखही नाही, असं मी समजावून सांगितलं.

“आकडा मोठा दिसला तर पोरगी अडकंल,” ते म्हणाले. “दुष्काळाचाच राहू द्या.”

मागे रांग होती. मी वैतागून तोच अपलोड केला. त्या माझ्या वैतागाची मला आजही लाज वाटते.

बाराव्या दिवशी अर्ज परत आला: तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही. भाऊ तलाठ्याकडे धावले. तलाठी दुष्काळी अनुदानाच्या याद्यांत गुंतलेले. त्यांचा अहवाल आणि तहसीलचा दाखला मिळायला दहा दिवस गेले. मग मी पुन्हा अर्ज भरला. तोवर पहिल्या फेरीत दीपमालाला हवी तीच जागा लागली होती.

मूळ दाखला द्यायच्या शेवटच्या दिवशी ती सकाळपासून माझ्या दुकानात बसून होती. दर थोड्या वेळाने मी अर्जाची स्थिती उघडायचो. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे प्रलंबित. मी ऑफिसात दोनदा जाऊन आलो. साहेब मीटिंगला संभाजीनगरला गेले होते. भांडायचं तरी कुणाशी?

पाच वाजले. ओबीसीची जागा गेली, आता तिला खुल्या गटात धरणार होते आणि तिथे ते मार्क पुरत नव्हते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“काका, अजून थोडं थांबू का?” तिने विचारलं.

मी होय म्हटलं. सहापर्यंत ती बसली होती.

दोन दिवसांनी सही झाली. तीन वर्षांचं उत्पन्न जोडल्यामुळे दाखला एकतीस मार्च दोन हजार सत्तावीसपर्यंतचा मिळाला, नावासकट सगळं बरोबर. सुदर्शनभाऊ एकटेच आले. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ वाचला आणि माझ्यापुढे ठेवला.

“लॅमिनेशन करून द्या,” ते म्हणाले.

मी मशीन तापत ठेवलं.