झाडू

पत्रे कापायच्या कारखान्यात सिगारेटला ‘झाडू’ म्हणत. ॲस्बेस्टसच्या पत्र्यावर करवत फिरली की पांढरी धूळ नाकातोंडात बसे. मग जुनेजाणते सांगत, “एक झाडू मार. खोकला आला की आतलं सगळं बाहेर.”

म्हाताऱ्याने आयुष्यभर झाडू मारला आणि आता छातीत गाठ घेऊन खाटेवर पडला. थोरला मुलगा आता त्याच करवतीवर. म्हातारी थोरल्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

“फुफ्फुसाच्या नळ्यांत बारीक केस असतात,” बाई म्हणाल्या. “तेच धूळ वर ढकलतात. खरा झाडू तो. सिगारेट त्यालाच लुळा पाडते. मग पत्र्याचे तंतू आत रुततात, धुरातलं विष त्यांच्याबरोबर ठाण मांडतं. ढोबळ सांगते, नुसत्या धुळीने कॅन्सरचा धोका पाचपट, नुसत्या सिगारेटीने दहापट.”

“म्हणजे दोन्हींनी पंधरा,” थोरला म्हणाला.

“पन्नासच्या आसपास. इथे बेरीज नाही, गुणाकार होतो. सिगारेट सोडलीस तर धोका हळूहळू उतरेल. धुळीचा राहीलच.”

“ऐकलंस?” म्हातारी कडाडली. “पाढ्यांसाठी शाळेत मार खाल्लास, तरी गुणाकार काही डोक्यात शिरला नाही. टाक ते पाकीट!”

बाहेर आल्यावर थोरला पुटपुटला, “आई, मी हौसेने नाही लागलो. आमच्याकडे सिगारेट ओढणाऱ्यालाच दहा मिनिटं बाहेर सोडतात. न ओढणारा आत धूळ खात बसतो. वारा मिळावा म्हणून धरली.”



दुसऱ्या दिवशी म्हातारी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. दहा मिनिटांची सुट्टी झाली. थोरला भिंतीला टेकला होता, ओठांत न पेटवलेली सिगारेट. तिला बरं वाटलं. पोरगं तिच्याच वळणावर गेलं होतं.

मुकादम आला. “पेटव की. का वारा खायला आलास?”

“माझा मुलगा वारा खाईल नाहीतर दगड! तुझ्या बापाचं काय जातं?” म्हातारी फाटकातून गरजली.

“मावशी, नियम मालकाचा. ही सुट्टी झाडूवाल्यांची.” मुकादमाने काडी ओढली आणि थोरल्यापुढे धरली.

“मालकाला सांग,” म्हातारी म्हणाली, “पत्रे पाणी मारून कापायला लाव. धूळ बसेल.”

“चिखल कोण उपसणार?”

काडी जळत मुकादमाच्या बोटांपर्यंत आली. थोरल्याने आईकडे पाहिलं. सिगारेट मोडून पायाखाली चिरडली आणि तो आत गेला.

“बघ, जिंकलीस,” मुकादम हसला.

दार उघडं होतं. करवत सुरू झाली. पांढऱ्या धुळीत आधी त्याची पाठ दिसेनाशी झाली, मग डोकं. म्हातारीने पदर तोंडावर धरला. आतल्याला पदरही नव्हता.