ठिपक्यांचा दोस्त

सोनगीरला माझं शेती-औषधांचं दुकान आहे. जैनाच्या पोराने किडे मारायची बाटली विकावी, यावर गावाने हसून घेतलं, मीही घेतलं. मात्र पर्युषणाचे आठ दिवस मी औषधाला हात लावत नाही. बी-खत विकतो, बाटल्यांच्या कपाटाला कुलूप. माझा मुलगा श्रेयांस म्हणतो, "पप्पा, किडे काय पंचांग बघून खातात?" त्याच्या या बोलण्याचा मला दरवर्षी राग येतो.

यंदा पर्युषणाच्या पहिल्याच दिवशी ताईबाईंचा फोटो आला. सत्तरीच्या बाई, गावाबाहेर मळ्यात राहतात, नातवाचा जुना फोन वापरतात. घरामागच्या वाफ्यात त्यांनी भरताच्या वांग्याची चाळीस रोपं लावली होती. बी त्यांच्या आईचं. दरवर्षी एक वांगं झाडावरच पिकवून त्या त्याचं बी धरत आल्या. गेल्या वर्षी उंदरांनी बियांचं गाडगं फोडलं, तेव्हा जे चिमूटभर उरलं ते सगळं त्यांनी यंदा पेरलं. हे मला माहीत होतं. त्यांनीच दुकानात बसून सांगितलं होतं.

फोटो अगदी जवळून काढलेला. पडदाभर एक गोल, पिवळसर तांबडा भुंगा, पाठीवर काळे ठिपके. खाली त्यांच्या आवाजातला निरोप: "भाऊ, हाई काय शे? मारू का ऱ्हाऊ देऊ?"

मी मोठ्या झोकात उत्तर दिलं, "मारू नका, अक्का. हा आपला दोस्त आहे, पिकावरची मावा कीड खातो. औषध अजिबात नको."

खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. मारू नका, असं सांगायची संधी माझ्या धंद्यात कितीदा येते? मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, मला ते दिवसाढवळ्या फोनवर दिसलं. मी पानाचा दुसरा फोटो मागितला नाही. पाठ चमकते की मळकट आहे, ठिपके किती, काही पाहिलं नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या.

आठ दिवस संपले. शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या संध्याकाळी, मी नेहमीप्रमाणे सगळ्या गिऱ्हाइकांना एकच मजकूर पाठवला: जाणता-अजाणता माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल, तर क्षमा करा, मिच्छामि दुक्कडं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच ताईबाई आल्या. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक रोप. पान म्हणजे नुसती जाळी होती. शिरा तेवढ्या शिल्लक, मधला हिरवा भाग खरवडून खाल्लेला. मागच्या बाजूला पिवळ्या, काटेरी अळ्या, आणि कडेला तोच भुंगा.

मी भुंगा तळहातावर घेतला. पाठीवर बारीक लव होती, म्हणून चमक नव्हती. मोजले, अठ्ठावीस ठिपके. मावा खाणारा दोस्त तुकतुकीत असतो आणि त्याला इतके ठिपके नसतात. हा हड्डा भुंगा होता, वांग्याचा वैरी. याची पिवळी अंडी बोटाने चिरडली असती, सकाळी झाड हलवून भुंगे रॉकेलच्या पाण्यात पाडले असते, तरी रोपं वाचली असती. औषधाचीही गरज नव्हती.

"बाकीची रोपं?" मी विचारलं.

"बठ्ठा खाई गयात."

"आठ दिवसांत चाळीस?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "शेजारना कौतिकना वांगासवरला भुंगा बी मी येचीसन आनात, आपला झाडसवर सोडात. तुम्ही सांगं ना, दोस्त शे."

बाई माझ्या शब्दावर शेजाऱ्याच्या वाफ्यातून वैरी गोळा करत फिरल्या होत्या, आणि मी इकडे देरासरात देवापुढे डोळे मिटून बसलो होतो. मला स्वतःची शिसारी आली.

"अक्का, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हना उपास व्हतात. मंग काल तुम्हनी माफी उनी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी म्हनं, भाऊले समजनं. म्हनीसन उनू."

ती माफी पाचशे जणांना एका बोटाने गेली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. कपाटाची किल्ली काढली, म्हटलं, "औषध देतो."

"कशावर मारू?" त्या म्हणाल्या.

रोप गल्ल्यावरच ठेवून त्या गेल्या. मी दिवसभर चार-पाच जणांना फोन करून त्या वाणाचं बी विचारलं. बाजारातलं भरताचं वांगं सगळ्यांकडे होतं, ताईबाईंच्या आईचं कुणाकडेच नव्हतं.

या आठ दिवसांत माझ्या हातून एकही जीव गेला नाही, असं मी संवत्सरीला समाधानाने म्हटलं होतं. झाडातही जीव असतो, हे आमच्यात पोराला बोलता यायच्या आधी शिकवतात.